मॉडेलचा आकडा बिलात जाण्याआधी

घर बांधायला काढलेल्या मंडळींना, सोसायटीच्या पुनर्विकास समितीत बसणाऱ्या सभासदांना आणि साइटवर नव्यानं रुजू झालेल्या इंजिनिअरांना एक विनंती आहे. हल्ली आर्किटेक्टकडून बीआयएम मॉडेल मिळतं. त्यात इमारतीची भिंत, स्लॅब, दार अशी एकेक वस्तू मापांसकट संगणकात उभी केलेली असते, आणि त्यातून परिमाणांची यादी काही मिनिटांत निघते. त्या यादीपुढे दराचा रकाना जोडला की अंदाजपत्रक झालं, असं धरून चालू नका. यादी खोटं बोलत नाही. मॉडेलमध्ये जो आकार काढलाय त्याचं माप ती चोख देते. पण कामाचे पैसे मोजमापाच्या नियमानं दिले जातात, आणि नियम काही ठिकाणी वजावट करायला सांगतो, तर काही ठिकाणी करू नका म्हणतो. ही समज संगणकातल्या भिंतीला नसते. ती यादी वाचणाऱ्याला असायला हवी.

आपल्याकडे हे नियम आयएस १२०० या भारतीय मानकात आहेत. त्याचे बरेच भाग आहेत: काँक्रीटचा दुसरा, वीटकामाचा तिसरा, गिलाव्याचा बारावा. सरकारी कामं याच धर्तीवर मोजली जातात. खासगी करारातही ‘मोजमाप आयएस १२०० प्रमाणे’ असं एक वाक्य अनेकदा शेवटी कुठेतरी असतं. तुमच्या करारात ते आहे का, हे आधी बघा. मोजायचं कसं तेच ठरलेलं नसेल, तर दशांशाच्या तीन घरांपर्यंत आकडा काढून काय उपयोग?

एकच भिंत घेऊ आणि ती शेवटपर्यंत मोजू. हॉल आणि दोन खोल्या यांच्यामधली ही आतली भिंत आहे. लांबी ६ मीटर, जाडी २३० मिलिमीटर, म्हणजे नेहमीची नऊ इंची. खालच्या स्लॅबच्या माथ्यापासून वरच्या स्लॅबच्या माथ्यापर्यंत ३ मीटर. भिंतीच्या डोक्यावर २३० बाय ४५० मिलिमीटरचा बीम आहे, आणि स्लॅबची १२५ मिलिमीटर जाडी त्या ४५० मध्येच धरलेली आहे. भिंतीत दोन दारं: एक १ मीटर रुंद, दुसरं ९० सेंटिमीटर, दोन्ही २.१० मीटर उंच. दोन्ही ओपनिंगचं मिळून क्षेत्रफळ २.१० अधिक १.८९, म्हणजे ३.९९ चौरस मीटर.

मॉडेल करणारा मुलगा भिंत काढताना तिचा पाय एका मजल्याच्या पातळीला आणि डोकं वरच्या मजल्याच्या पातळीला बांधतो. रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये `Top Constraint` या रकान्यात वरची पातळी निवडली की झालं. चित्रात सगळं छान दिसतं, कारण बीम भिंतीच्या पोटात झाकला जातो. आता यादी काढली तर भिंतीची एका बाजूची निव्वळ जागा १८.०० वजा ३.९९, म्हणजे १४.०१ चौरस मीटर येते. तिला ०.२३ नं गुणलं की वीटकाम ३.२२ घनमीटर.

साइटवर मात्र गवंडी बीमच्या तळाशी थांबतो. त्याची भिंत २.५५ मीटरच उंच असते. निव्वळ जागा ११.३१ चौरस मीटर आणि वीटकाम २.६० घनमीटर. फरक ०.६२ घनमीटरचा, आणि तो म्हणजे नेमका त्या बीमचा आकार. काँक्रीटच्या यादीत बीम मोजला गेलाच आहे, तो इथे विटांच्या रूपानं पुन्हा मोजला गेला. एका भिंतीत हे जवळपास २४ टक्के जास्त झालं. एका मजल्यावर अशी ५० मीटर भिंत बीमखाली असेल, तर ५.१८ घनमीटर वीटकाम कागदावरच उभं राहतं. ब्रासच्या हिशेबात, म्हणजे २.८३ घनमीटरला एक ब्रास धरून, ते १.८ ब्रास होतं.

हे घडतं त्याला कारण आहे. भिंती आर्किटेक्टच्या फाइलमध्ये असतात आणि बीम-कॉलम स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या. दोन्ही फाइली एकमेकींवर ठेवून बघता येतात, पण तेवढ्यानं एकीतला बीम दुसरीतली भिंत कापत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. यादीत उंचीचा रकाना मागा. मजल्याची उंची आणि भिंतीची उंची अगदी एकच दिसली, तर बीम वजा झालेला नाही असं समजा. रेव्हिट असेल तर बीमखालच्या भिंतींना `Top Offset` मध्ये -450 भरलं की यादी स्वतःहून सुधारते. कॉलमच्या बाबतीतही हीच तपासणी करा: भिंत कॉलमच्या तोंडाशी थांबते की त्याच्या आरपार जाते?

लिंटलही बघून घ्या. लहान कामाच्या मॉडेलमध्ये तो बहुधा काढलेलाच नसतो. आपल्या भिंतीत दोन्ही दारांवर दोन्ही टोकांना १५० मिलिमीटर टेकू देऊन १५० उंचीचे लिंटल घातले, तर त्यांची लांबी मिळून २.५० मीटर आणि घनफळ ०.०९ घनमीटर. वीटकामातून ते जायला हवं आणि काँक्रीटमध्ये यायला हवं. एका भिंतीत हा आकडा किरकोळ वाटतो, पण काँक्रीटच्या यादीत लिंटलची ओळच नसेल तर तो खर्च कुठेच धरला गेलेला नाही.

आता याच भिंतीचा गिलावा. इथे बरेच जण घाई करतात. निव्वळ जागा १४.०१ आहे, दोन्ही बाजू म्हणून दुप्पट केली, २८.०२ चौरस मीटर, आणि पुढे गेले. नियम वेगळं सांगतो. अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या ओपनिंगची वजावट करायची नाही. अर्ध्यापेक्षा मोठं आणि ३ चौरस मीटरपर्यंतचं ओपनिंग असेल आणि दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल, तर वजावट एकाच बाजूची. ३ चौरस मीटरच्या वर गेलं तरच दोन्ही बाजूंची वजावट करायची, आणि मग ओपनिंगच्या आतल्या कडा वेगळ्या मोजून मिळवायच्या. यामागचा विचार व्यवहाराचा आहे. दाराच्या कडांना गिलावा करायला गवंड्याचा वेळ जातोच. त्या कडा एकेक करून मोजत बसण्यापेक्षा एका बाजूची वजावट सोडून दिली की हिशेब साधारण जुळतो.

आपली दोन्ही दारं ३ चौरस मीटरच्या आतली आहेत. गिलावा जमिनीपासून स्लॅबच्या तळापर्यंत जातो, बीमच्या अंगावरूनही जातो. म्हणजे उंची २.८७५ मीटर. दोन्ही बाजू मिळून ३४.५०, त्यातून एकाच बाजूची ३.९९ वजा केली की ३०.५१ चौरस मीटर. मॉडेलच्या दुप्पट केलेल्या आकड्यात अडीच चौरस मीटर कमी पडतात.

इथली गंमत नीट लक्षात घ्या. वीटकामासाठी आपण भिंतीची उंची २.५५ केली, ते बरोबरच होतं. पण तीच सुधारलेली भिंत गिलाव्यासाठी दुप्पट केली तर २२.६२ येतात, म्हणजे चूक आणखी वाढते, कारण आता बीमच्या दोन्ही अंगांचा गिलावाही सुटला. एक आकडा दुरुस्त केल्यानं दुसरा बिघडला. म्हणून वीटकाम आणि गिलावा एकाच रकान्यातून काढू नका. वीटकामाला भिंतीचं निव्वळ घनफळ लागतं. गिलाव्याला खोलीच्या आतली उंची, ओपनिंग न वगळलेली पूर्ण जागा आणि ओपनिंगची वेगळी यादी लागते, म्हणजे वजावट नियमाप्रमाणे हातानं लावता येते. आयएफसी फाइल मिळाली असेल तर `GrossSideArea` म्हणजे ओपनिंग न वगळता भिंतीची बाजू आणि `NetSideArea` म्हणजे वगळून. दोन्ही मागा. नुसतं ‘एरिया’ म्हणून आलेला आकडा कोणता ते विचारल्याशिवाय वापरू नका. हे रकाने रिकामे आले तर फाइल खराब आहे असं नाही. रेव्हिटमधून आयएफसी काढताना `Export base quantities` वर खूण केली नसेल तर ते भरले जात नाहीत. फाइल पुन्हा काढून मागा.

भिंतीच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. काही आर्किटेक्ट भिंत थरांची करतात: मध्ये २३० वीट, दोन्ही अंगांना १२ मिलिमीटर गिलावा. मग भिंतीची जाडी २५४ होते आणि यादीतलं घनफळ या सगळ्या थरांचं मिळून येतं. ते वीटकाम म्हणून घेतलं तर दहा टक्के गिलावा विटांच्या भावानं मोजला जातो. अशा मॉडेलमधून रेव्हिटची `Material Takeoff` यादी काढायला सांगा. तिच्यात प्रत्येक मटेरियलचं घनफळ वेगळं मिळतं. आणि ११५ मिलिमीटरची अर्ध्या विटेची भिंत चौरस मीटरमध्ये मोजली जाते, घनमीटरमध्ये नाही. ती २३० च्या भिंतीत मिसळू देऊ नका.

स्लॅबकडे वळू. १० बाय ८ मीटरचा, १२५ मिलिमीटर जाडीचा स्लॅब, म्हणजे बरोबर १० घनमीटर काँक्रीट. त्याखाली २३० बाय ४५० चे बीम, एकूण लांबी ६० मीटर. बीम पूर्ण खोलीनं मोजले तर ६.२१ घनमीटर. बेरीज १६.२१. पण बीमचा वरचा १२५ मिलिमीटरचा भाग स्लॅबमध्ये आधीच मोजला गेला आहे. बीम स्लॅबच्या तळापासून खाली ३२५ मिलिमीटर मोजायचा. तसा मोजला तर ४.४९, आणि खरी बेरीज १४.४९ घनमीटर. घनमीटरला ७,००० रुपये भाव समजा. एका स्लॅबमागे बारा हजार रुपये फुकट चढले. सात मजल्यांच्या इमारतीत हीच चूक सात वेळा होते.

सॉफ्टवेअरमध्ये स्लॅब आणि बीम एकमेकांना जोडलेले असतील तर हा भाग एकाच वस्तूत मोजला जातो. जोडलेले नसतील तर दोन्हींत. चित्र बघून हे कळत नाही. कळायचा मार्ग एकच: एक बीम निवडा, त्याचं यादीतलं घनफळ लांबीनं भागा. आपल्या बीमला ०.१०३५ आलं तर तो पूर्ण ४५० नं मोजलाय, ०.०७४७ च्या आसपास आलं तर स्लॅब वजा झालाय. दोन्हीपैकी काहीही चालेल, फक्त स्लॅबचं माप त्याला जुळणारं हवं.

जिन्याची जागाही बघा. ती स्लॅबमध्ये खरोखर कापलेली आहे की फक्त नकाशावर रेघ मारून दाखवली आहे? रेघ मारलेली असेल तर पूर्ण, न कापलेला स्लॅब मोजला जातो. याउलट पाइपांसाठी ठेवलेली छोटी भोकं एखाद्या उत्साही माणसानं एकेक करून कापली असतील, तर मॉडेल तीही वजा करतं. नियमानं ०.१ चौरस मीटरपर्यंतच्या भोकाची वजावट होत नाही. सेंटरिंगचं तर यादीत नावच नसतं. ते काँक्रीटला टेकणाऱ्या पृष्ठभागावर मोजलं जातं: बीमांच्या मधल्या स्लॅबचा तळ, बीमचा तळ, बीमच्या दोन बाजू. स्लॅबच्या क्षेत्रफळावरून सरसकट सेंटरिंग धरलेलं अंदाजपत्रक दिसलं, तर बीमच्या बाजू कुठे गेल्या ते विचारा.

दारं मोजायला सगळ्यात सोपी वाटतात आणि म्हणून कुणी तपासत नाही. संख्या मॉडेल बरोबर देतं, पण काय मोजलंय ते बघा. हॉलमधून पॅसेजकडे जाणारं, चौकट-पल्ला नसलेलं ओपनिंग काही जण दाराच्याच प्रकारातून काढतात. ते यादीत दार म्हणून येतं आणि त्याच्यावर बिजागऱ्या, टॉवर बोल्ट, हँडल यांचा खर्च चढतो. दाराची ‘रुंदी’ म्हणजे भिंतीतलं ओपनिंग, चौकटीचं बाहेरचं माप की पल्ल्याचं माप, हे प्रत्येक फॅमिलीत वेगळं असू शकतं. पल्ला चौरस मीटरवर घेतला जातो, त्यामुळे ओपनिंगचं माप पल्ल्याचं म्हणून घेतलं तर प्रत्येक दारात चौकटीच्या जाडीएवढं जास्त लाकूड विकत घेतल्यासारखं होतं.

चौकटीचं उदाहरण बघा. १ मीटर बाय २.१० च्या दाराला दोन उभे आणि एक वरचा आडवा, अशी ५.२० मीटर चौकट लागते. यादीत परिमिती असेल आणि ती चारही बाजूंची धरलेली असेल तर आकडा ६.२० येतो. खालची पट्टी नसते, ती एक मीटर प्रत्येक दारामागे जास्तीची. सागवानी चौकट घेणाऱ्याला हा फरक खिशात जाणवतो. यादीत दारांचे प्रकार वेगळे करून मागा: मुख्य दार, खोल्यांची दारं, न्हाणीघराची दारं. तिन्हींचं मटेरियल आणि भाव वेगळे असतात, ‘दारं: १४’ एवढ्यावर भाव लावता येत नाही.

भिंत, स्लॅब आणि दारं या तिन्हींच्या आधी एक काम मॉडेल देणाऱ्याकडून करून घ्या. रेव्हिटमध्ये `Manage` मध्ये `Warnings` उघडायला सांगा आणि ही ओळ शोधा: `There are identical instances in the same place. This will result in double counting in schedules.` एकाच जागी एकसारख्या दोन वस्तू आहेत आणि त्या दोनदा मोजल्या जातील, असं सॉफ्टवेअर स्वतःच सांगत असतं. कॉपी-पेस्ट करताना एकाच जागी दोन भिंती किंवा दोन दारं बसतात आणि डोळ्यांना एकच दिसते. ही सूचना असेपर्यंत कुठलीही यादी घेऊ नका.

या सगळ्याला सॉफ्टवेअर शिकावं लागत नाही. टेप, कॅल्क्युलेटर आणि अर्धा दिवस पुरतो. नकाशावरची एक भिंत, एका बीमसह स्लॅबचा एक चौकोन आणि एका प्रकारचं एक दार हातानं मोजा. मॉडेलच्या यादीतल्या त्याच वस्तूंशी आकडे ताडून बघा. तिन्ही जुळले तर बाकीच्या यादीवर बराच विश्वास ठेवता येतो, कारण मॉडेलमधल्या चुका बहुधा एका पद्धतीनं सगळीकडे केलेल्या असतात. एक भिंत वरच्या पातळीपर्यंत नेलेली असेल तर साधारणपणे सगळ्याच तशा असतात. जुळले नाहीत तर फरक कुठल्या आकाराएवढा आहे ते बघा. बीमएवढा, गिलाव्याच्या थराएवढा, चौकटीएवढा असा काहीतरी ओळखीचा आकार त्यात सापडतो, आणि चूक कुठे आहे ते कळतं.

अंदाजपत्रक हातात देणाऱ्याला तीन गोष्टी लेखी मागा: परिमाणं कुठल्या तारखेच्या मॉडेलमधून घेतली, वजावट कुठल्या नियमानं केली, आणि मॉडेलमध्ये नसलेल्या कोणत्या बाबी हातानं मिळवल्या. लिंटल, सेंटरिंग आणि गिलाव्याच्या कडा या तिसऱ्या यादीत दिसल्या पाहिजेत. तारीख महत्त्वाची, कारण नकाशा बदलला की मॉडेल बदलतं आणि जुनी यादी तशीच फिरत राहते. ज्याला ही तीन उत्तरं देता येत नाहीत, त्याच्या अंदाजपत्रकावर सही करू नका, मग छापील पानं कितीही सुबक असोत.